व्हाइटबोर्डच्या फोटोवरून कामांची यादी कशी करायची?

बोर्डाचा फोटो समोरून, फ्लॅश बंद ठेवून काढा. गूगल लेन्सने त्यातला मजकूर कॉपी करता येतो. पण लेन्स अक्षरं उचलतं, बाण नाही. ‘बॅनर’पासून ‘स’पर्यंत बाण काढलेला असेल, तर कॉपीत हे दोन शब्द सुटे पडतात आणि काम कोणाचं, हेच हरवतं. म्हणून यादी करताना फोटो समोर उघडा ठेवा.

आता तीन रकाने करा: काम, कोण, कधीपर्यंत. समजा बोर्डावर असं आहे:

- बॅनर → स, शुक्र.
- हॉलचं भाडं?
- जेवण महाग

पहिली ओळ ‘बॅनर छापायला देणे’ अशी क्रियापदासह लिहा आणि ‘शुक्र.’ऐवजी तारीख टाका. टीममध्ये ‘स’वरून दोन नावं असतील तर अंदाज बांधू नका, विचारून घ्या. दुसरी ओळ ‘हॉलचं भाडं विचारणे’ होईल, पण ‘कोण’ रिकामं ठेवा. तिसरं नुसतं मत आहे, ते यादीत नको.

यादी फोटोसकट त्याच दिवशी ग्रुपवर टाका आणि रिकाम्या रकान्यांत नावं मागून घ्या. दोन दिवसांनी बाणाचा अर्थ कोणालाच आठवत नाही.