हात बाजूने वर उचलताना खांदा दुखणे: शोल्डर इंपिंजमेंट

हात खाली असताना त्रास नाही. बाजूने वर नेताना साधारण ६० अंशांवर कळ सुरू होते आणि १२० अंशांपुढे कमी होते, हे इंपिंजमेंटचे ओळखीचे लक्षण. दंडाच्या हाडाचा गोल माथा आणि खांद्याचे वरचे हाड यांच्यामधल्या अरुंद जागेतून एक स्नायुबंध जातो. सतत ताणामुळे तो दुखावतो आणि हात वर नेताना तिथे दाब येऊन दुखते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

अहिल्यानगरमध्ये दिवाळीआधी दिवसभर छताला रोलर मारणाऱ्या रंगाऱ्याचे उदाहरण घ्या. हात स्वतः उचलताना दुखतो, पण दुसऱ्याने उचलल्यास पूर्ण वर जातो. दुसऱ्यानेही उचलला जात नसेल, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त. मधुमेह असल्यास आणखीच. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर स्नायुबंध फाटलेला असू शकतो. तेव्हा थांबू नका, लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

खांदा पूर्ण बांधून ठेवू नये, तो आखडतो. रंगाऱ्याने काही आठवडे छताचे काम टाळावे. भिंतीसाठी लांब दांडा वापरावा, म्हणजे हात खांद्याच्या खाली राहतो. पोहणाऱ्यांनी फ्रीस्टाइलचे अंतर कमी करावे. किकबोर्ड मात्र धरू नये. त्यात हात डोक्यापुढे ताणलेलाच राहतो.

मुख्य उपचार म्हणजे फिजिओथेरपिस्टकडून शिकून केलेले खांद्याचे व फऱ्याचे व्यायाम, साधारण १२ आठवडे. गोळ्या आणि इंजेक्शनने तात्पुरता आराम मिळतो. हाड घासण्याची शस्त्रक्रिया क्वचितच लागते; २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत हाड न घासता केलेल्या नुसत्या दुर्बीण तपासणीपेक्षा तिचा विशेष जास्त फायदा दिसला नाही.