गोळी आधी, जनुक नंतर

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरमधल्या रुग्णालयात जेरोम कॉन आणि स्टीफन फायान्स हे दोघे डॉक्टर १९५०च्या दशकात मधुमेह्यांच्या धडधाकट नातेवाइकांची साखर तपासत होते. काहीही तक्रार नसलेल्या माणसाला बोलवायचं, ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि ठरावीक वेळाने रक्त काढत राहायचं, असं ते काम होतं. रोग उघड होण्याआधी तो पकडता येतो का, हे त्यांना बघायचं होतं. या तपासणीत त्यांना काही मुलं आणि तरुण असे सापडले की ज्यांची साखर नक्की वाढलेली होती, पण ती मुलं आजारी दिसत नव्हती. लहान वयातला मधुमेह म्हणजे इन्सुलिन, आणि इन्सुलिन नाही तर मृत्यू, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. ही मुलं मात्र इन्सुलिनशिवाय हिंडत-फिरत होती.

फायान्स आणि कॉन यांनी त्यांना टॉलब्युटामाइडच्या गोळ्या दिल्या. हे औषध सल्फोनिलयुरिया गटातलं, तेव्हा अगदी नवं. या गटाचा शोध फ्रान्समध्ये मोंपेलिए इथे १९४२ साली लागला, तोही विषमज्वराच्या रुग्णांवर. जंतूंविरुद्ध दिलेल्या एका सल्फा औषधाने काही रुग्णांची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्याचं मार्सेल जांबों यांच्या लक्षात आलं. पुढे ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की स्वादुपिंड काढून टाकलेल्या प्राण्यात या औषधाचा असा परिणाम होत नाही. म्हणजे हे औषध इन्सुलिनची जागा घेत नाही, ते स्वादुपिंडातलं इन्सुलिन बाहेर काढतं. अ‍ॅन आर्बरच्या तरुणांची साखर या गोळीने सुधारली आणि १९६० साली तसा लेख प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या मुलांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन शिल्लक होतं. ते वेळेवर बाहेर का पडत नव्हतं, हे कळायला पुढची कित्येक वर्षं जावी लागली.

या वाटचालीत फायान्स यांना एका कुटुंबाने मोलाची साथ दिली. वैद्यकाच्या पुस्तकांत ते ‘आर. डब्ल्यू. घराणं’ म्हणून ओळखलं जातं. मूळ पुरुष प्रशियातून एकोणिसाव्या शतकात मिशिगनला आलेला, त्याची पिढ्यानपिढ्यांची शाखा साडेतीनशेहून अधिक माणसांची. १९५८ पासून फायान्स या घराण्याच्या मागावर राहिले. तीच माणसं, त्यांची मुलं, मग नातवंडं तपासणीला येत राहिली. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत रोग उतरताना दिसत होता, आणि बाधित आईबापाच्या साधारण निम्म्या मुलांत तो येत होता. एकाच जनुकातल्या एकाच बदलाची ही खूण आहे. मला या सगळ्या कहाणीत फायान्स यांची ही चिकाटी सर्वांत मोठी वाटते. काय शोधायचं हे ठाऊक नसताना त्यांनी माणसांची नोंद तुटू दिली नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ साली तिथल्या तीन कुटुंबांत असाच सौम्य, पिढीजात मधुमेह मांडला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि फायान्स यांनी मिळून दोन गटांची तुलना केली. इन्सुलिनवर जगणाऱ्या नेहमीच्या बालमधुमेह्यांपैकी फक्त ११ टक्क्यांच्या आई किंवा वडिलांना मधुमेह होता. या दुसऱ्या गटात ते प्रमाण ८५ टक्के निघालं. दोन्ही रोग कोवळ्या वयातले असले तरी त्यांची मुळं वेगळी आहेत, हे तिथे आकड्यांनी सिद्ध झालं. या दुसऱ्या प्रकाराला आज सगळीकडे ‘मोडी’ म्हणतात.

मग जनुकांचा पाठलाग सुरू झाला. रोग झालेले आणि न झालेले यांच्या गुणसूत्रांची तुलना करून, रोगाबरोबर कुठला तुकडा नेहमी प्रवास करतो हे बघायचं, ही तेव्हाची पद्धत. १९९१ साली शिकागोच्या ग्रॅहम बेल यांच्या गटाने आर. डब्ल्यू. घराण्यातला दोष विसाव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९२ साली फ्रेंच आणि ब्रिटिश कुटुंबांत सातव्या गुणसूत्रावरचं ग्लुकोकायनेजचं जनुक पुढे आलं. १९९६ साली बाराव्या गुणसूत्रावरच्या एचएनएफ-१-अल्फा आणि विसाव्यावरच्या एचएनएफ-४-अल्फा या दोन जनुकांची ओळख पटली. ही दोन्ही जनुकं यकृताच्या पेशींचा अभ्यास करणाऱ्यांना आधीपासून माहीत होती, पण त्यांच्यातल्या बिघाडाने मधुमेह होतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गोळीचं कोडं इथे सुटतं. स्वादुपिंडातली बीटा पेशी साखर जाळते, त्यातून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेने पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची वाहिनी बंद होते आणि त्यानंतर इन्सुलिन बाहेर पडतं. एचएनएफ-१-अल्फा बिघडलं की साखर जाळण्याची पहिली पायरी लंगडी पडते. शेवटच्या पायऱ्या मात्र शाबूत राहतात. सल्फोनिलयुरिया थेट त्या वाहिनीवर बसून तिला बंद करतं, म्हणजे बिघडलेला टप्पा वगळून पुढे जातं.

याची कसोटी २००३ साली लागली. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने एचएनएफ-१-अल्फाचे १८ आणि नेहमीच्या टाइप २ मधुमेहाचे १८ रुग्ण घेतले. प्रत्येकाला काही काळ ग्लिक्लाझाइड, म्हणजे सल्फोनिलयुरिया, आणि काही काळ मेटफॉर्मिन दिलं. टाइप २च्या रुग्णांत दोन्ही औषधांचा गुण साधारण सारखाच दिसला. एचएनएफ-१-अल्फाच्या रुग्णांत उपाशीपोटीची साखर मेटफॉर्मिनने जेमतेम १६ मिलिग्रॅम उतरली आणि ग्लिक्लाझाइडने सुमारे ८५. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करतं. या रुग्णांचा दोष तिथे नसतोच, म्हणून ते त्यांना फारसं लागू पडत नाही.

ग्लुकोकायनेजच्या रुग्णांची गोष्ट अगदी उलटी आहे. ग्लुकोकायनेज हे बीटा पेशीला साखर किती आहे हे कळवणारं विकर. त्याच्या जनुकाच्या एका प्रतीत बिघाड झाला की पेशी थोड्या वरच्या पातळीला साखर ‘योग्य’ मानते. उपाशीपोटी १०० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास, जन्मापासून, आयुष्यभर. ग्लुकोज पाजल्यावरही ती फारशी उसळत नाही. असे सरासरी जवळपास ४९ वर्षं हा दोष बाळगून असलेले रुग्ण एक्सेटरच्या गटाने तपासले, तर डोळे आणि मूत्रपिंडाची गंभीर गुंतागुंत क्वचितच आढळली. म्हणून गरोदरपण सोडलं तर त्यांना औषध द्यायचंच नाही, असा उपचार ठरला. एचएनएफ-१-अल्फात उलट सुरुवातीला उपाशीपोटीची साखर जवळजवळ ठीक दिसते, ग्लुकोज घेतल्यावर ती खूप चढते, आणि उपचार नीट झाले नाहीत तर डोळे, मूत्रपिंड सगळं पणाला लागतं. वरून दोन्ही घरं सारखीच दिसतात, एकाला गोळी लागते आणि दुसऱ्याची गोळी थांबवायची असते. रक्तातल्या साखरेचा एखादा आकडा हे सांगू शकत नाही.

आपल्याकडे इथे एक मोठी अडचण आहे. ‘बारीक, तरुण आणि घरात पिढ्यानपिढ्या साखर’ ही मोडीची खूण युरोपात फार उपयोगी ठरते, आपल्याकडे तिची धार बोथट होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं आहे की भारतीय माणूस वजनाला हलका असूनही शरीरात चरबी जास्त बाळगतो, आणि नेहमीचा टाइप २ मधुमेह आपल्याकडे लवकर आणि बारीक अंगातही येतो. आई, वडील, मामा, काका यांना मधुमेह असणं तर आता घराघरांत आहे. चेन्नईत व्ही. मोहन यांच्या केंद्राने लक्षणांवरून ‘मोडी’ वाटलेल्या ९६ जणांचं एचएनएफ-१-अल्फा जनुक तपासलं तेव्हा दोष सुमारे ९ टक्क्यांत मिळाला. त्यामुळे प्रत्येक सडपातळ मधुमेह्याची जनुकचाचणी करणं शहाणपणाचं नाही. आधी चाळण लावावी लागते.

ती चाळण कशी लावायची, हे एका कल्पित घरावर बघू. मुलगा २२ वर्षांचा, वजन ५४ किलो, उंची पाच फूट सात इंच. सतराव्या वर्षी साखर सापडली, टाइप १ म्हणून इन्सुलिन सुरू झालं, रोज एकूण २० युनिट. वडिलांना अठ्ठाविसाव्या वर्षी, आत्याला बाविसाव्या वर्षी, आजीला तिशीच्या आत मधुमेह. वडिलांची साखर मेटफॉर्मिन घेऊनही कायम चढी. मुलाने परीक्षेच्या गडबडीत दोन दिवस इन्सुलिन चुकवलं तरी लघवीत कीटोन आले नाहीत. टाइप १ मध्ये असं सहसा होत नाही. आणखी एक खूण जुन्या रिपोर्टांत दडलेली: रक्तात साखर बरी असतानाही लघवीत साखर. एचएनएफ-१-अल्फाच्या दोषात मूत्रपिंडं साखर नीट परत शोषत नाहीत, म्हणून ही खूण मधुमेह उघड होण्याआधीही दिसू शकते.

पहिली चाचणी प्रतिपिंडांची. गॅड, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ही तिन्ही निगेटिव्ह आली. एक जरी पॉझिटिव्ह असती तर बहुतेक वेळा शोध इथेच थांबला असता. दुसरी सी-पेप्टाइडची, जेवणानंतर. स्वतःचं इन्सुलिन तयार होत असेल तरच सी-पेप्टाइड रक्तात येतं, बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून निदानानंतर पाच वर्षांनीही ते चांगलं राहिलं, तर त्याचा अर्थ मोठा. या मुलाचं चांगलं आलं. आता जनुकचाचणीला अर्थ आहे. नेहमीसारखं रक्त घेतात आणि मोडीच्या सगळ्या जनुकांचा एकत्रित संच वाचतात. एचएनएफ-१-अल्फात आठ सायटोसिन अक्षरं ओळीने येणारी एक जागा आहे. तिथे एक अक्षर जास्त पडून संपूर्ण पुढचं वाक्य सरकतं, आणि जगभरात तो बदल वारंवार सापडतो. मुलाच्या अहवालात नेमका तोच, ‘रोगकारक’ असा शेरा घेऊन.

अहवाल नेहमी इतका स्पष्ट येत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला, तर त्यावरून औषध बदलायचं नाही. भारतीयांच्या जनुकांची नोंद कमी असल्याने असे शेरे आपल्याकडे जास्त येतात. अशा वेळी घरातल्या मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या माणसांमध्ये तो बदल रोगाबरोबर चालतो का, हे बघावं लागतं.

मुलाचं इन्सुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झालं आणि ग्लिक्लाझाइडची ४० मिलिग्रॅमची छोटी मात्रा सुरू झाली. मोठी मात्रा इथे धोक्याची, कारण ही माणसं या औषधाला फार संवेदनशील असतात, साखर एकदम घसरते. पहिल्या आठवड्यांत साखर वारंवार तपासणं आणि दुपारचं जेवण न चुकवणं हे उपचाराचाच भाग आहे. अहवाल हातात नसताना हे घरच्या घरी करून बघणं मात्र जिवावर बेतेल: टाइप १च्या माणसाने इन्सुलिन थांबवलं तर काही तासांत ते अंगाशी येतं. पुढे वर्षं गेल्यावर बीटा पेशी दमतात, मात्रा वाढवावी लागते, काहींना पुन्हा इन्सुलिन घ्यावं लागतं.

पुढचे रिपोर्ट घरातले आहेत. वडिलांचं जनुक तपासून त्यांचीही मेटफॉर्मिनऐवजी ग्लिक्लाझाइडची छोटी मात्रा ठरवता येते, आत्याचीही. आणि मुलाच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला हा बदल असण्याची शक्यता निम्मी आहे. तिला आत्ता काहीच तक्रार नाही, त्यामुळे चाचणी तिच्या आणि आईवडिलांच्या इच्छेने, समजून घेऊनच करायची. बदल असला तर दर वर्षी ग्लुकोज पाजून तिची साखर बघत राहायचं, आणि ती चढली त्या दिवशी पहिलं औषध कोणतं हे आधीच ठाऊक असेल.