साखर दिली तरी साखर का उतरते?

मधुमेहाच्या गोळीने साखर उतरते हे आज कोणालाही सांगावे लागत नाही. पण ही गोळी मुळात मधुमेहासाठी शोधलेलीच नव्हती. १९४२ साली, ऐन युद्धाच्या दिवसांत, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जाँबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. जंतूंचे काय झाले ते बाजूलाच राहिले. काही रुग्ण अचानक घामाघूम झाले, बरळू लागले, काहींना आकडी आली आणि काही दगावले. त्यांचे रक्त तपासले तेव्हा त्यातली साखर अगदी तळाला गेलेली होती.

जाँबाँ यांनी हे कोडे त्याच शहरातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑग्युस्त लुबातिएर यांच्यापुढे ठेवले. लुबातिएर यांनी ते औषध कुत्र्यांना दिले. त्यांचीही साखर उतरली. मग स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांना तेच औषध दिले. त्यांची साखर उतरली नाही! म्हणजे औषध साखरेला स्वतः हात लावत नव्हते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत होते. विद्यार्थ्यांना 'नियंत्रित प्रयोग' म्हणजे काय हे सांगायचे असेल तर याहून सुटसुटीत उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यावर याच कुळातल्या कार्ब्युटामाइड आणि टॉल्ब्युटामाइड या गोळ्या मधुमेहासाठी बाजारात आल्या. पुढे ग्लायबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड, ग्लिमेपिराइड आल्या. या सगळ्यांना मिळून सल्फोनिलयुरिया म्हणतात. माँपेलिएच्या रुग्णांना जे झाले ते मात्र या कुळाला कायमचे चिकटून राहिले. गोळी जास्त झाली की साखर उतरते, आणि उतरतच राहते.

रुग्णालयात हे कसे दिसते ते पाहू. पुढचा रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही. अशा प्रसंगी जो क्रम नेहमी दिसतो तो आपण एका माणसावर बेतला आहे. सत्तरीचे एक आजोबा, मूत्रपिंडे थोडी अशक्त. रात्री रक्तदाबाची गोळी समजून ते ग्लायबेनक्लामाइडच्या ४ गोळ्या घेतात. पहाटे ३ वाजता अंथरूण घामाने भिजलेले, हाक मारली तर उत्तर नाही. रुग्णालयात बोटातून थेंब काढून पाहिला तर १०० मिलिलिटर रक्तात ३२ मिलीग्रॅम साखर. एरवी ती उपाशीपोटीही ७० च्या वर असते. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज दिले जाते. पंधरा मिनिटांत साखर १९०. आजोबा डोळे उघडतात, "मी इथे कसा?" असे विचारतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

साडेचारला साखर पुन्हा ४८. पुन्हा २५ ग्रॅम, आणि जोडीला १० टक्के डेक्स्ट्रोजचे सलाईन. सहा वाजता ४१. आता नातेवाईक विचारतात की एवढी साखर गेली कुठे? प्रश्न रास्त आहे. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर असते. आजोबांना त्याच्या दसपट देऊन झाली होती.

उत्तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत आहे. या पेशीच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर जाण्याच्या बारीक खिडक्या असतात. रक्तात साखर वाढली की पेशीत ऊर्जा वाढते, खिडक्या मिटतात, पेशीच्या भिंतीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि इन्सुलिन बाहेर पडते. साखर उतरली की खिडक्या उघडतात आणि इन्सुलिन थांबते. सल्फोनिलयुरिया या खिडक्या धरून मिटवून ठेवतो. त्यामुळे साखर ३२ वर आली तरी पेशीला 'पुरे' असा निरोप पोचतच नाही.

अशा पेशीसमोर आपण एकदम २५ ग्रॅम ग्लुकोज ठेवतो तेव्हा आगीत तेल पडते. खिडक्या मिटवण्याखेरीज ग्लुकोजचे आणखी एक काम आहे: कॅल्शियम आत आलेले असताना ते इन्सुलिनचा लोट अधिक मोठा करते. औषध आधीच कॅल्शियम आत आणते आहे, त्यावर ग्लुकोजची भर. १९० चा आकडा दिसला तो त्या नव्या लोटाची सुरुवातच होता. ग्लुकोज थांबवावे तर मेंदूची उपासमार, कारण त्याला एकट्याला तासाला सुमारे ५ ग्रॅम लागते. आणि द्यावे तर पुन्हा इन्सुलिन. हे ओढाताणीचे चक्र गोळीचा अंमल संपेपर्यंत, कधी दोन-तीन दिवसही चालते. मूत्रपिंड अशक्त असेल तर अधिकच, कारण ग्लायबेनक्लामाइडचे यकृतात होणारे काही अवशेषही साखर उतरवतात आणि ते लघवीवाटे जायचे असतात.

म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याऐवजी नळच बंद करायला हवा. लुबातिएरच्या स्वादुपिंड नसलेल्या कुत्र्याने हे एका परीने सांगितलेच होते, पण नळ बंद करणारा पदार्थ हाती यायला तीस वर्षे लागली, आणि तोही भलत्याच शोधात सापडला. अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत रॉजर गिल्मँ यांचा गट शरीराच्या वाढीचे संप्रेरक सोडायला लावणारा पदार्थ शोधत होता. लाखो मेंढ्यांच्या मेंदूंतला हायपोथॅलॅमसचा भाग त्यांनी त्यासाठी वापरला. १९७३ साली त्यातून मिळाला तो उलट गुणाचा पदार्थ, त्या संप्रेरकाला अडवणारा: सोमॅटोस्टॅटिन. पुढच्याच वर्षी बॅबून माकडांवरील प्रयोगांत दिसले की तो इन्सुलिनही अडवतो. अडचण एवढीच की शरीरात तो दोन-तीन मिनिटांत मोडतो. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची १४ अमिनो आम्लांची साखळी ८ वर आणून टिकाऊ केली आणि १९८२ साली ती जाहीर केली. तेच ऑक्ट्रिओटाइड. शरीरात ते निम्मे व्हायला सुमारे दीड तास लागतो.

बीटा पेशीवर याचे वेगळे कुलूप आहे. तिथे ते बसले की पोटॅशियमच्या दुसऱ्या वाटा उघडतात, कॅल्शियमचा प्रवेश कमी होतो आणि इन्सुलिन बाहेर टाकण्याची शेवटची पायरीही आवळली जाते. सल्फोनिलयुरियाने धरून ठेवलेल्या खिडक्यांशी झगडण्याची गरजच राहत नाही. याआधी डायझॉक्साइड नावाचे औषध त्याच खिडक्या उघडण्यासाठी वापरत, पण त्याने रक्तदाब घसरतो. १९९३ साली निरोगी स्वयंसेवकांना जाणूनबुजून ग्लिपिझाइडची मोठी मात्रा देऊन तिन्ही उपायांची तुलना केली गेली, आणि ऑक्ट्रिओटाइड सरस ठरले. काहींना तर डेक्स्ट्रोज लागलेच नाही. २००८ साली ४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराला ७५ मायक्रोग्रॅमच्या एका इंजेक्शनची जोड मिळालेल्यांची साखर पहिले ८ तास वरच्या पातळीवर राहिली. त्यानंतर फरक ओसरला, म्हणजे एक इंजेक्शन पुरत नाही.

आजोबांकडे परत येऊ. सहा वाजता डेक्स्ट्रोज पुन्हा दिले, कारण मेंदूला वाट पाहता येत नाही, आणि लगेच त्वचेखाली ५० मायक्रोग्रॅम ऑक्ट्रिओटाइड. आठ वाजता साखर ११०, दहाला १०४. सलाईन हळूहळू कमी केले. दर सहा तासांनी एक याप्रमाणे चार इंजेक्शने झाली. त्यानंतर आजोबांनी घरी जायचा हट्ट धरला, आणि इथेच चूक होण्याचा संभव असतो. ऑक्ट्रिओटाइडचा अंमल गोळीच्या आधी संपू शकतो, म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर निदान १२ ते २४ तास, जेवण चालू ठेवून, साखर मोजत राहावी लागते. मध्यरात्री ती ६२ झालीच. आणखी एक मात्रा द्यावी लागली.

कोणी इन्सुलिनचेच इंजेक्शन जास्त घेतले असेल तर मात्र ऑक्ट्रिओटाइड उपयोगाचे नाही. ते इन्सुलिन स्वादुपिंडातून आलेलेच नसते. शंका असेल तर साखर खाली असतानाच घेतलेल्या रक्तात सी-पेप्टाइड मोजतात. स्वतःचे इन्सुलिन तयार होताना हा तुकडा बरोबर सुटतो, बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. आजोबांच्या रक्तात तो भरपूर होता.