व्हीआरसीई ते व्हीएनआयटी : कॉलेजचे घरचे राज्य कोणते?

नागपूरच्या दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या या संस्थेला शहरातली जुनी माणसे अजूनही 'व्हीआरसीई' म्हणतात. पाटीवर विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था हे नाव येऊन वीस वर्षे उलटून गेली, पण रिक्षावाल्याला जुने नाव सांगितले तरी तो बरोबर फाटकाशी सोडतो. संस्थेच्या प्रवासातल्या इमारती, शाखा, संचालक यांची नोंद स्मरणिकांमधून झालेली आहे. एक धागा मात्र तिथे फारसा सापडत नाही. या कॉलेजातल्या अर्ध्या जागा पहिल्यापासून 'आपल्या राज्याच्या' मुलांसाठी आहेत. पण 'आपले राज्य' म्हणजे कोणते, आणि मुलगा त्या राज्याचा आहे हे ठरवायचे कशावरून, याची उत्तरे मात्र बदलत गेली.

सुरुवातच पाहा. नागपुरात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले जुलै 1956 मध्ये. तेव्हा नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. चारच महिन्यांनी, 1 नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. पुढच्याच महिन्यात हे सरकारी कॉलेज केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतल्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात विलीन झाले. म्हणजे पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाची पदवी होईपर्यंत कॉलेजचे राज्य दोनदा बदलले, आणि तेही कॉलेज जागचे न हलता. जबलपूरचा मुलगा 1956 च्या जुलैत घरचा होता, डिसेंबरात परराज्यातला झाला.

नाव दिले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे, तेही 1962 मध्ये, त्यांच्या निधनानंतर. निवासाच्या अटीच्या नजरेतून पाहिले तर हे नाव मजेदार वाटते. ते म्हैसूर संस्थानातले, शिकले पुण्याच्या कॉलेजात, नोकरी केली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. आजच्या नियमांत त्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे यावर सेतू केंद्रात चांगलीच चर्चा झाली असती.

राज्यात राहणाऱ्यांना झुकते माप देणे घटनेत बसते का, हा प्रश्न तोवर सुप्रीम कोर्टात जाऊन आला होता. प्रकरण इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे होते. मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून तिथे कॅपिटेशन फी घेतली जाई, राज्यातल्यांकडून नाही. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत या खटल्यात 1955 साली न्यायालयाने ही तफावत मान्य केली. पंधराव्या अनुच्छेदाने मनाई आहे ती जन्मस्थानावरून भेद करण्याला. निवास ही वेगळी गोष्ट, असे बहुमताचे म्हणणे. पुढचे सगळे कोटे या एका फरकावर उभे आहेत. 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने बजावले की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास असे काही नसते. तरीही निवासावर आधारित जागांना त्यांनी मर्यादेत वाव ठेवला. 2025 च्या जानेवारीत पदव्युत्तर वैद्यकीय जागांपुरता हा कोटा घटनाबाह्य ठरला, पदवीच्या जागांना हात लागला नाही. शब्द मात्र कोर्टाने कितीही समजावले तरी 'डोमिसाईल' हाच रूढ राहिला.

विदर्भात हा विषय आणखी एका कारणाने नाजूक. 1953 च्या नागपूर करारात व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश मिळावा, असे कलम होते. व्हीएनआयटीत मात्र असा विभागवार वाटा नाही. निम्म्या जागा अख्ख्या महाराष्ट्राच्या. गोंदियाचा आणि पुण्याचा मुलगा इथे एकाच रांगेत. हे अन्यायाचे आहे असे म्हणणारे नागपुरात भेटतात. मला ते पटत नाही, कारण बाहेरच्यांसाठी असलेल्या निम्म्या जागांवर तोच गोंदियाचा मुलगा वारंगळ किंवा त्रिचीला जाऊ शकतो.

रीजनल कॉलेजांच्या काळात बाहेरच्या निम्म्या जागा राज्याराज्यांत वाटलेल्या असत आणि प्रत्येक राज्य आपल्या गुणवत्ता यादीतून मुले पाठवी. केरळचा मुलगा केरळचा आहे हे केरळ सरकारच सांगे. नागपूरच्या कार्यालयाला ते तपासायची फारशी गरज नव्हती. खरा बदल झाला तो 2002 मध्ये. 26 जूनला व्हीआरसीईची व्हीएनआयटी झाली, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि प्रवेश देशपातळीवरच्या एकाच परीक्षेवर गेले. 2007 च्या कायद्याने संस्था राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. निम्म्या-निम्म्याचे प्रमाण तसेच राहिले. पण आता लाखो अर्ज एकाच यंत्रात येत होते, आणि पंचवीस-तीस राज्यांच्या पंचवीस-तीस तऱ्हांचे रहिवासी दाखले तपासणे कुणालाच शक्य नव्हते. म्हणून सोपी कसोटी घेतली गेली: बारावी ज्या राज्यातल्या शाळेतून पास झालात, ते तुमचे राज्य.

जेईई मेनच्या अर्जात याला 'स्टेट कोड ऑफ एलिजिबिलिटी' म्हणतात. जन्म कुठला, आईवडील कुठले, रेशनकार्ड कुठले, मतदार यादीत नाव कुठे, यातले काहीही विचारले जात नाही. पुरावा एकच, बारावीची गुणपत्रिका. दरवर्षी पालक तहसील कार्यालयातून मिळवलेले डोमिसाईल फाईलमध्ये सर्वांत वर ठेवून येतात, आणि व्हीएनआयटीच्या प्रवेशाला ते कुणी मागत नाही.

एक उदाहरण घेऊ. अमरावतीची एक मुलगी. चार पिढ्या अमरावतीत, दहावी तिथलीच. अकरावीला ती कोट्याला गेली आणि क्लासच्या सोयीने तिथल्याच एका सीबीएसई शाळेत नाव घातले, ज्याला सगळे डमी शाळा म्हणतात. बारावी पास झाली ती राजस्थानातून. आता तिचे घरचे राज्य राजस्थान, घरचे एनआयटी जयपूरचे. नागपूरच्या यादीत HS म्हणजे होम स्टेट आणि OS म्हणजे अदर स्टेट अशा दोन वेगळ्या ओळी असतात; ती फक्त OS मध्ये मोजली जाईल. दोन्हीकडे नशीब आजमावता येत नाही. घरापासून दीडशे किलोमीटरवरच्या कॉलेजात ती परराज्यातली. तिच्याकडे ओबीसीचा दाखला असेल तर तो महाराष्ट्रातला असूनही चालतो, फक्त केंद्राच्या नमुन्यात आणि नॉन क्रीमी लेअरसह हवा. जातीचा दाखला आणि राज्याचा कोड या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नये.

हीच मुलगी राज्याच्या सीईटी सेलकडे गेली की चित्र उलटते. सीओईपी, व्हीजेटीआय आणि इतर कॉलेजांच्या कॅप फेऱ्यांत महाराष्ट्राच्या उमेदवारांचे प्रकार पाडलेले आहेत. दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून, शिवाय जन्म किंवा अधिवास महाराष्ट्राचा, तर प्रकार ए. तिची बारावी बाहेरची, म्हणून ए नाही. पण तिचे स्वतःचे, वडिलांचे किंवा आईचे डोमिसाईल असेल तर ती प्रकार बी मध्ये येते आणि महाराष्ट्राचीच राहते. म्हणजे नागपुरात निरुपयोगी ठरलेला तोच कागद इथे तिला तारतो. तिला डॉक्टर व्हायचे असते तर मात्र डोमिसाईलनेही भागले नसते. राज्याच्या एमबीबीएस कोट्याला अधिवासाबरोबर महाराष्ट्रातली बारावी लागते.

हे डोमिसाईल, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून अर्ज करून तहसीलमधून मिळते. त्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि अडते ते इथेच. आजचे वीजबिल आणि आधार सगळ्यांकडे असते. पण त्यांतून आजचा पत्ता कळतो, पंधरा वर्षांची साखळी जुळत नाही. साखळी जुळते ती पहिलीपासूनच्या शाळांच्या दाखल्यांनी, जुन्या रेशनकार्डाने, घरपट्टीच्या पावत्यांनी, तलाठ्याच्या रहिवासी दाखल्याने. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ गाव, तालुका, जिल्ह्यासह लिहिलेले आहे का, तेही पाहून घ्यावे. प्रकार ए मध्ये जन्म महाराष्ट्रातला असल्याचा पुरावा म्हणून तोच दाखला उपयोगी पडतो. तिथे नुसते गावाचे नाव असेल तर ते गाव कुठल्या राज्यातले हा प्रश्न निघू शकतो, आणि दाखल्यात दुरुस्ती करून आणायला प्रवेशाच्या दिवसांत वेळ नसतो.

बारावीच्या कसोटीचा फायदा होणारेही पुष्कळ आहेत. अंबाझरीच्या आयुधनिर्माणीत किंवा रेल्वेत बदली होऊन आलेल्या बिहारच्या कर्मचाऱ्याची मुलगी नागपूरच्या केंद्रीय विद्यालयातून बारावी झाली, तर व्हीएनआयटीसाठी ती निखळ महाराष्ट्राची, एकही दाखला न देता. राज्याच्या कॅपमध्ये तिलाच वडिलांच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र देऊन प्रकार सी मधून यावे लागते. छिंदवाडा-बालाघाटची जी मुले नागपुरात वसतिगृहात राहून शिकतात, तीही इथे घरची. उलट गोंदियाचा मुलगा भिलाईत बारावी करतो तेव्हा त्याचे एनआयटी रायपूरचे होते.

गोंधळ होतो तो बहुतेक गॅप घेणाऱ्यांच्या बाबतीत. नागपुरातून बारावी पास होऊन नंतर एक वर्ष कोट्याला क्लास केला, तर राज्य बदलत नाही. क्लास कुठे केला याला काही अर्थ नाही. गुण वाढवायला दुसऱ्या राज्यातून पुन्हा परीक्षा दिली तरी पहिल्यांदा जिथून पास झालात तेच राज्य धरतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बसलेल्यांसाठी अभ्यास केंद्र ज्या राज्यात, ते राज्य. अर्ज भरणारा सायबर कॅफेवाला मात्र घरचा पत्ता पाहून कोड टाकतो, आणि ती चूक गुणपत्रकापर्यंत तशीच जाते. जेईई मेनच्या गुणपत्रकावर हा कोड छापलेला असतो. तो हातात आल्याबरोबर बारावीच्या शाळेशी जुळवून पाहावा. कागद तपासताना तफावत निघाली तर कोड दुरुस्त होतो, पण चुकीच्या कोट्यातून मिळालेली जागा जाते.

बेळगावच्या मराठी मुलाचे राज्य या हिशेबात कर्नाटक, घरचे एनआयटी सुरतकल. व्हीएनआयटीत तो परराज्यातला, पण महाराष्ट्राच्या कॅपमध्ये सीमाभागासाठी प्रकार ई ठेवलेला आहे, आणि तिथे सीमाभागातल्या शाळेबरोबर मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. दुबई-मस्कतहून बारावी झालेल्या भारतीय मुलांना मात्र शाळेचे राज्यच नसते. त्यांच्यासाठी पासपोर्टवर जो कायमचा पत्ता आहे, त्याचे राज्य धरले जाते. वडिलांनी पंधरा वर्षांपूर्वी पासपोर्ट काढताना सांगलीचा पत्ता दिला असेल आणि आता पुण्यात फ्लॅट असेल, तर काही बिघडत नाही, दोन्ही महाराष्ट्रातच. पण घर पणजीला घेऊन पासपोर्टही तिथल्या पत्त्यावर नवा केला असेल, तर नागपूरच्या HS यादीत त्या मुलाचे नाव शोधण्यात अर्थ नाही.