हसे नेमके कोणाचे?

निवडणुकीचे दिवस आले की आमच्या करडीत (जि. भंडारा) पानठेल्यावर बसलेली पोरे मोबाइलवर ‘सो सॉरी’ पाहतात. इंडिया टुडे समूहाने 2010 साली सुरू केलेली ही हलत्या व्यंगचित्रांची मालिका. पुढाऱ्यांची मोठाली डोकी, वाढवलेली नाके, आणि पाठीमागे एखाद्या गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे गाणे किंवा प्रसंग. एक-दोन मिनिटांत खेळ आटोपतो. एक विद्यार्थी मला म्हणाला, “गुरुजी, केवढा हा उपरोध! यांना कोणाचं भ्या नाही.” तो मुलगा हुशार आहे, पण त्याने वापरलेला शब्द मला तपासून पाहावासा वाटतो.

विडंबन आणि उपरोध यांची आपल्याकडे सरमिसळ होते. विडंबन मूळ कृतीच्या अंगावर उभे असते. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ या 1925 च्या संग्रहात रविकिरण मंडळाच्या कवितेची लकब पकडून तिची टर उडवली आहे. ती कविता ठाऊक नसेल तर निम्मी गंमत हातातून जाते. उपरोधाला अशा मूळ कृतीची गरज नसते. त्याला समाजातला एखादा व्यवहार आणि त्या व्यवहारात लाभ उठवणारा माणूस लागतो. जोतीराव फुल्यांचे 1855 चे ‘तृतीय रत्न’ घ्या. कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहदशेची भीती घालतो आणि घरातले किडूकमिडूक काढून नेतो. बाई भोळी आहे, नवरा अडाणी आहे. हसायचेच असते तर त्यांच्यावर हसणे सोपे होते, आणि अनेक फार्सांनी तेच केले. पण फुल्यांचा विदूषक मध्ये उभा राहून जोश्याच्या हातचलाखीचा एकेक पदर सोडवतो. हसू फसणाऱ्याकडून फसवणाऱ्याकडे वळते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले, यात नवल नाही.

आता ‘सो सॉरी’कडे वळू. तिथे गाणे उसने असते, पण टर त्या गाण्याची नसते. तेव्हा काटेकोर अर्थाने ते विडंबनही नव्हे. गाण्याची ओळख फक्त प्रेक्षकाला चटकन हसवण्यासाठी कामी येते. मग तो उपरोध आहे काय? मी एक साधी कसोटी लावून पाहतो. समजा, दोन मंत्री महागाईवर नाचताना दाखवले आहेत. गाणे बंद करा आणि मंत्र्यांचे चेहरे बदला. तरीही भाव कोणी वाढवले, साठा कोणाच्या गोदामात आहे, हे चित्रातून कळत असेल तर तो उपरोध. काहीच उरत नसेल तर ती नक्कल. मी पाहिलेले बहुतेक भाग या कसोटीवर नकलेतच बसतात. नकलेत पुढाऱ्याची चाल, बोलण्याची ढब, शरीर यांवर हसू येते. साहेबी इंग्रजी बोलणाऱ्याची आणि गावरान बोली बोलणाऱ्याची नक्कल सारखी दिसली तरी तिचा घाव सारखा बसत नाही. दुसऱ्याबरोबर त्याच्यासारखे बोलणारा सारा गाव हसण्यावारी जातो.

लक्ष्य कसे हलवले जाते, याचा इतिहासातला दाखला अधिक बोलका आहे. जॉर्ज ऑर्वेलची ‘अॅनिमल फार्म’ 1945 साली प्रसिद्ध झाली. जनावरे शेतमालकाला हाकलून लावतात आणि मग डुकरेच मालक बनतात. शेवटी डुकरे आणि शेजारचे माणूस-जमीनदार एकाच टेबलाशी पत्ते खेळत भांडत असतात, आणि खिडकीतून पाहणाऱ्या जनावरांना डुक्कर कोणते व माणूस कोणता, हे ओळखू येत नाही. म्हणजे उपरोधाला दोन लक्ष्ये होती: क्रांती गिळणारे नवे सत्ताधीश आणि ज्यांच्याविरुद्ध क्रांती झाली ते जुने मालक.

जॉन हॅलस आणि जॉय बॅचलर यांनी 1954 साली त्यावर इंग्लंडमध्ये पूर्ण लांबीचा सचेतनपट काढला. मूळ प्रसंगाच्या गांभीर्यात हशा पेरण्यासाठी धडपडणारे बदकाचे पिल्लूही घातले. पैसा अमेरिकेच्या सी.आय.ए.चा होता, ते पुढे उघडकीस आले. त्या चित्रपटाच्या शेवटी टेबलाशी माणसे नाहीत. फक्त डुकरे आहेत, आणि बाकीची जनावरे चालून जाऊन त्यांना उलथून टाकतात. रेषा तीच, डुकरे तीच, पण दोन लक्ष्यांपैकी एक पुसले गेले. रशियन राज्यकर्ते उघडे पडले आणि जमीनदार सुटले. ज्याने फक्त चित्रपट पाहिला त्याला काही गाळले आहे याचा संशयही येत नाही, कारण चित्रात नसलेला माणूस कोणाच्या नजरेला खुपत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांशी बोलताना मी पडद्यावर कोण आहे, याच्याइतकेच टेबलाशी बसायला हवे होते ते कोण गैरहजर आहे, हे विचारतो. महागाईच्या चित्रात मंत्री असतो. साठेबाज असतो काय? दुष्काळाच्या चित्रात पुढाऱ्याचे हेलिकॉप्टर असते. सावकार असतो काय? जातीच्या राजकारणावरच्या चित्रात मतांची मोट बांधणारा पुढारी दिसतो, पण ज्या विहिरीवरून, ज्या मसणवटीवरून गावात वाद पेटतो ती विहीर, ती मसणवट दिसते काय? फुल्यांच्या नाटकात जोशी सरळ समोर उभा होता, त्याच्या पंचांगासकट.