तळटीप : बारदानाचा हिशेब
जळगावच्या डाळमिलचे कल्पित उदाहरण घ्यावे. महिन्याला ३,००० बारदाने लागतात. दर ४० रुपये, वहनखर्च वार्षिक २० टक्के, म्हणजे नगामागे ८ रुपये, आणि प्रत्येक मागणीचा खर्च १६० रुपये. वहनखर्च वार्षिक असल्याने गरजही वार्षिक, ३६,००० धरावी. किफायतशीर मागणी = √(२ × ३६,००० × १६० ÷ ८) = १,२०० नग. मासिक आकडा तसाच घातल्यास ३४६ येतात. परीक्षेतली ही नेहमीची चूक. ताळा सोपा आहे: वर्षाच्या ३० मागण्यांचा खर्च ४,८०० आणि सरासरी ६०० नगांचा वहनखर्चही ४,८०० रुपये.

पुनर्मागणी पातळी मात्र कमाल रोजचा वापर गुणिले माल येण्याचा कमाल अवधी: १५० × १० = १,५००. ती १,२०० हून जास्त आल्याने उत्तर खोडू नये. तिचा संबंध मुदतीशी आहे, खर्चाशी नाही.