पोप गेलेसियस यांच्या पत्राची कुळकथा

इ.स. 494 मध्ये रोमचे पोप गेलेसियस पहिले यांनी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट अनास्तासियस याला एक पत्र लिहिलं. जगाचा कारभार दोन सत्तांवर चालतो, एक बिशपांची आणि दुसरी राजांची, असं त्यात म्हटलं होतं. यांपैकी बिशपांवरचा भार जास्त जड, कारण देवासमोर राजांच्या वतीनंही जाब त्यांनाच द्यायचा आहे. पोपच्या स्वतंत्र धर्माधिकाराचे पुढचे बहुतेक दावे याच पत्राचा आधार घेत आले.

पत्र जन्माला आलं ते भांडणातून. ख्रिस्त एकाच वेळी देव आणि माणूस कसा, या वादावर 451 च्या कॅल्सिडॉनच्या धर्मपरिषदेनं निर्णय दिला होता, पण इजिप्त आणि सीरियातल्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी तो झुगारला. हे प्रांत हातचे जाऊ नयेत म्हणून सम्राट झेनो यानं 482 मध्ये तडजोडीचं फर्मान काढलं. त्यासाठी परिषद बोलावली नाही. कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क अकेशियस सोबत होता, तेवढं त्याला पुरलं. रोमला ते मुळीच मानवलं नाही. श्रद्धेचा मजकूर राजवाड्यातून निघावा, हाच खरा आक्षेप होता. 484 मध्ये पोप फेलिक्स तिसरे यांनी अकेशियसला बहिष्कृत केलं. उपासना चालू असताना काही संन्याशांनी बहिष्काराचा कागद अकेशियसच्या वस्त्राला मागून टाचला, असं सांगतात. त्यानंही पोपचं नाव प्रार्थनेत घेणं बंद केलं. ही फूट 519 पर्यंत टिकली.

गेलेसियस यांना इतकं स्पष्ट लिहिणं जमलं, याचं कारण धर्मशास्त्राइतकंच भूगोलातही आहे. इटली तेव्हा गॉथ राजा थिओडोरिक याच्या ताब्यात होती आणि सम्राटाचे शिपाई रोमपर्यंत पोचत नव्हते. तरीही पत्रात एक मोठी कबुली आहे: राज्यव्यवस्थेच्या बाबतीत बिशपही सम्राटाचे कायदे पाळतात, कारण त्याची सत्ताही देवानंच दिलेली आहे. हे वाक्य लक्षात ठेवावं, पुढं ते कामाला येणार आहे.

पूर्वेला याच विचाराला वेगळं वळण मिळालं. सम्राट जस्टिनियन यानं 535 च्या कायद्यात पौरोहित्य आणि राज्य ही एकाच देवाची दोन देणी म्हटली, मात्र पुरोहित नियमानं वागतात की नाही हे पाहणं सम्राटाचं काम ठरवलं. त्याच्या सैन्यानं रोम परत जिंकल्यावर याचा अर्थ पोपना कळला. एका धर्मवादावर संमती हवी म्हणून 545 मध्ये पोप व्हिजिलियस यांना रोममधून उचलून नेण्यात आलं. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्यांनी चर्चचा आसरा घेतला, तेव्हा शिपायांनी त्यांना पायांना आणि दाढीला धरून ओढलं. त्यांनी वेदीचे खांब इतके घट्ट धरले होते की वेदीच कोसळू लागली. शेवटी त्यांनी संमती दिली आणि परतीच्या वाटेवर 555 मध्ये सिराक्यूजला त्यांचा मृत्यू झाला.

म्हणून बायझंटाइन सम्राट म्हणजे धर्माचा सर्वेसर्वा, असं म्हणायचा मोह होतो. मला ते अर्धसत्य वाटतं. सम्राट परिषद बोलावी, पॅट्रिआर्क नेमी आणि काढी. पण संस्कार देण्याचा अधिकार त्याला नव्हता. सम्राट लिओ सहावा यानं चौथं लग्न केलं, तेव्हा पॅट्रिआर्क निकोलस यांनी 906 च्या नाताळात त्याला हागिया सोफियाच्या दारातूनच परत पाठवलं. लिओ बळजबरीनं आत शिरला नाही. पुढं त्यानं निकोलस यांना पदावरून काढलं आणि लग्नाला मान्यता मात्र रोमच्या पोपकडून मिळवली. तिथला पॅट्रिआर्क दार अडवू शकत होता, पण सम्राटाच्याच शहरात राहत असल्यानं पद टिकवणं त्याच्या हाती नव्हतं.

रोमला मात्र अंतराचं संरक्षण पुन्हा मिळत गेलं. सम्राट जस्टिनियन दुसरा यानं 692 च्या परिषदेचे नियम पोप सर्जियस यांच्यावर लादायचे ठरवून त्यांना पकडायला झकारियास नावाचा अधिकारी पाठवला. पण इटलीतलंच सैन्य पोपच्या बाजूनं उभं राहिलं आणि जीव वाचवायला झकारियास पोपच्याच पलंगाखाली लपला. आठव्या शतकात पोपनी फ्रँक राजांचा आश्रय धरला आणि कॉन्स्टँटिनोपलची पकड सुटली.

रोमची ही मोकळीक पुढं राजांवर हुकूम चालवण्यापर्यंत गेली: 1076 मध्ये पोप ग्रेगरी सातवे यांनी जर्मन राजा हेन्री चौथा याला पदच्युत घोषित केलं. 1081 मध्ये मेट्झच्या बिशपांना लिहिताना त्यांनी या अधिकारासाठी गेलेसियस यांच्याच पत्राचा दाखला दिला. मात्र उतारा देताना मधला भाग गाळला, आणि बिशपही सम्राटाचे कायदे पाळतात ही कबुली त्या गाळलेल्या भागातच होती.